एटीएम तक्रारपत्रात तारीख आणि नंबर नेमके कुठले लिहू?

मदत हवी आहे. म्हापशात दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून १०,००० रुपये काढायला गेलो. नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून पैसे गेले. कार्ड माझ्या बँकेचं, म्हणून तक्रार तिथेच दिली आहे.

दोनदा पत्र दिलं, दोन्ही वेळा 'व्यवहार सापडत नाही' असं उत्तर आलं. चूक माझीच असावी. पहिल्या पत्रात 'शनिवारी रात्री, सुमारे दहा हजार' एवढंच लिहिलं होतं. दुसऱ्यात पासबुकातली तारीख घातली, १६/०६/२०२५. एटीएमच्या पावतीवर मात्र १४/०६/२०२५, २३:५२ अशी वेळ, एटीएमचा आयडी आणि आरआरएन म्हणजे व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक आहे. पासबुकातला संदर्भ क्रमांक वेगळाच आहे.

पावतीची शाई उडत चालली आहे, म्हणून फोटो काढून ठेवलाय. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पाच दिवसांनंतर रोजचे १०० रुपये भरपाई मिळते, त्यामुळे तारखेचा घोळ परवडणारा नाही.

तिसऱ्या पत्रात पावतीची तारीख आणि आरआरएन मुख्य धरून पासबुकातली नोंद खाली वेगळ्या ओळीत देऊ का? की दोन तारखा बघून पुन्हा पत्र परत येईल?