स्थलांतरित मदत घेत नाहीत, ते कलंकामुळेच का?

प्रकरण_दोन: माझ्या पीएचडीतलं आढाव्याचं प्रकरण परदेशातले स्थलांतरित, मानसिक आजाराचा कलंक आणि मदत घेणं यावर आहे. चाळीस पेपर वाचले. सगळ्यांचं एकच: कलंक जास्त, म्हणून मदत कमी. गाईड म्हणतात, ही यादी झाली, आढावा नाही. आता काय करू?

भटका: कलंक काढूनच टाका. परक्या देशात भाषा येत नाही, विमा नाही, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. अशी बाई दवाखान्यात गेली नाही की म्हणायचं, यांची संस्कृतीच तशी!

तळटीप: भटका, राग रास्त आहे, पण काढायचा कशाला? क्लेमेंट आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 144 अभ्यास एकत्र पाहिले. कलंकाचा परिणाम दिसला, पण लहान ते मध्यम. अडथळ्यांच्या क्रमवारीत तो चौथा आला. वांशिक अल्पसंख्याकांना त्याची झळ जास्त, हेही त्यातच आहे.

प्रकरण_दोन, तुमच्या चाळिसांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष मदत मोजलीय? बहुतेक ठिकाणी ‘गरज पडली तर जाल का?’ एवढंच विचारलेलं असणार, तेही बऱ्याचदा विद्यार्थ्यांना. समजा, एका पेपरात धडधाकट विद्यार्थी ‘नाही जाणार’ म्हणाले आणि दुसऱ्यात नैराश्य असलेले लोक वर्षभरात डॉक्टरकडे गेले नाहीत. तुम्ही दोन्ही एकाच वाक्यात ‘मदत कमी’ म्हणून बसवलेत, तर गाईड चिडणारच. आधी तक्ता करा: कोणाला विचारलं, त्यांना आजार होता का, मत मोजलं की भेट. आणि कलंक कुठला? लोक काय म्हणतील ही भीती वेगळी, स्वतःचीच लाज वेगळी.

भटका: तक्ता करा, पण व्हिसाचा रकाना त्यात येणारच नाही. प्रश्नावलीत जे विचारलंच नाही ते आढाव्यात कुठून येणार?

सायली_ताई: माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. बाळंतपणानंतर तिला झोप येईना, सारखं रडू यायचं. दवाखान्याने दुभाषी दिला, तर तो निघाला आपल्याच मंडळातला, दर रविवारी भेटणारा. ती म्हणाली, ‘पाठ दुखते,’ आणि घरी आली. तिने समुपदेशकाकडे जावं का अजून?

तळटीप: ताई, त्रास अजून असेल तर जरूर जावं. दुभाषी बाहेरचा किंवा फोनवरचा मागता येतो का, हे आधीच विचारून घ्या. पण भटका, हे तुमच्या कुठल्या रकान्यात घालाल, भाषा की कलंक? क्लेमेंटच्या आढाव्यातही कलंकापैकी सर्वांत जास्त सांगितला गेलेला अडथळा हाच होता, आजार उघड होण्याची धास्ती.

भटका: भाषेच्या. तिला इंग्रजी येत असती तर दुभाषी लागलाच नसता.

तळटीप: आणि दुभाषी अनोळखी असता तर ती बोलली असती.

प्रकरण_दोन: तक्ता सुरू केलाय. पहिल्या अकरांपैकी नऊ पेपरांत नुसतं मत आहे, भेट दोनच पेपरांत. दुभाष्याचा उल्लेख अजून एकातही सापडला नाही.