मदत हवी आहे: ॲनोमली स्कॅन नॉर्मल, तरी फीटल इको कशाला?

गोरेगावकर: बायकोला विसावा आठवडा चालू आहे. काल दादरला ॲनोमली स्कॅन झालं. रिपोर्टमध्ये 'फोर चेंबर व्ह्यू नॉर्मल' असं स्पष्ट लिहिलंय, तरी डॉक्टर फीटल इको, म्हणजे फक्त बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, करून या म्हणतात. हृदय एकदा बघून झालं ना? ती रात्रभर झोपली नाही. लवकर सांगा.

मुलुंडची मावशी: माझ्या सुनेच्या स्कॅनमध्ये हृदयात पांढरा ठिपका दिसला होता. आम्ही घाबरलो, पण नातू ठणठणीत आहे. काळजी करू नका.

गोरेगावकर: मावशी, ठिपका वगैरे काही नाही हो.

प्रोबवाली: कारण काय सांगितलं? घरात कुणाला जन्मतः हृदयाचा त्रास? आयव्हीएफ? शुगर?

गोरेगावकर: शुगर आहे, लग्नाआधीपासून. इन्सुलिन चालू आहे. डॉक्टरांना ते माहीतच आहे.

सचिन_परळ: मग तेच कारण. शुगर असली की प्रत्येकीला इको करायला लावतात.

प्रोबवाली: प्रत्येकीला नाही, सचिन. बाळाचं हृदय पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच घडतं. त्या काळात रक्तातली साखर जास्त असेल तर धोका वाढतो, म्हणून आधीपासून शुगर असलेल्यांना सांगतात. सहाव्या-सातव्या महिन्यात पहिल्यांदा वाढलेल्या शुगरचं तसं नसतं.

आता तुमचा प्रश्न. फोर चेंबर व्ह्यूच्या चित्रात हृदयाचे चारही कप्पे आहेत का, डावी-उजवी बाजू साधारण सारखी आहे का, मधला पडदा आणि दोन्ही झडपा नीट आहेत का, हे दिसतं. हृदयाने छातीची साधारण एक तृतीयांश जागा घेतलेली असते आणि टोक डावीकडे असतं. एखादा कप्पा खुरटलेला असेल तर तिथेच लक्षात येतो. पण रक्त बाहेर नेणाऱ्या दोन मोठ्या नळ्या त्या चित्रात येत नाहीत. त्या अदलाबदल होऊन जोडल्या असतील तरी चारही कप्पे अगदी व्यवस्थित दिसू शकतात. प्रोब बाळाच्या डोक्याकडे किंचित सरकवला की त्या दिसतात. तिथे त्या एकमेकींना ओलांडून जायला हव्यात. समांतर दिसल्या तर शंका येते. तुमच्या रिपोर्टमध्ये त्यांच्याबद्दल काय लिहिलंय?

गोरेगावकर: 'बाळाच्या पोझिशनमुळे आउटफ्लो नीट दिसले नाहीत.'

प्रोबवाली: मग इको कराच.

सचिन_परळ: बाविसाव्या आठवड्यात करा, चित्र स्वच्छ येतं.

प्रोबवाली: थांबू नका. काही निघालं तर पुढच्या तपासण्यांना आणि निर्णयाला वेळ लागतो, आणि 24 आठवड्यांनंतर गर्भपाताचं प्रकरण कायद्याने मेडिकल बोर्डाकडे जातं. चित्र नाही आलं तर परत बोलावतील.

सचिन_परळ: दोनदा खर्च कशाला? मी तरी थांबलो असतो.

मुलुंडची मावशी: मुलगा की मुलगी तेही कळेल का त्यात?

प्रोबवाली: मावशी, ते सांगणं गुन्हा आहे.

गोरेगावकर: शनिवारची वेळ घेतली. उपाशी न्यायचं का? आणि इको नॉर्मल आला की सगळं नक्की ना?

प्रोबवाली: मुळीच उपाशी नेऊ नका, इन्सुलिन आणि जेवण वेळेवर. जुना रिपोर्ट आणि पहिल्या तिमाहीचा एचबीए1सी बरोबर न्या. मोठे दोष बहुतेक कळतात. पडद्यातलं बारीक छिद्र मात्र निसटू शकतं, आणि महाधमनीचा अरुंदपणा कधीकधी जन्मानंतरच कळतो.