पहिला व्हिडिओ कॉल : पहिलं वाक्य काय होतं?

घरच्यांनी स्थळ आणलं, पत्रिका बघून झाली, बायोडेटा आणि फोटो इकडून तिकडे गेले. मुलगा बंगळूरला असतो, मी मुलुंडला, म्हणून प्रत्यक्ष भेटीआधी रविवारी व्हिडिओ कॉल ठरलाय. पुढचं बोलणं जमेल असं वाटतं, पण कॉल उचलल्यावर पहिलं अर्ध मिनिट काय बोलायचं यानेच पोटात गोळा येतोय. ज्यांनी असा कॉल केलाय त्यांनी पहिला नमस्कार कसा झाला आणि नंतर मोकळं कधी वाटलं ते जसं झालं तसं लिहा. लग्न ठरलं की नाही ते नाही सांगितलं तरी चालेल.

गिरगावचा
आमची चाळीतली दोन खोल्यांची जागा, त्यामुळे कॉल गॅलरीत बसून केला. मी म्हटलं "नमस्कार, आवाज येतोय ना नीट?" तर ती म्हणाली "येतोय, आणि तुमच्याकडचा कुकरपण ऐकू येतोय." मग मी सांगितलं आई वरणभात लावतेय, ती म्हणाली आमच्याकडे आज पिठलं, आणि तिथून जे सुरू झालं ते नोकरीबिकरीवर यायला बराच वेळ लागला. आवाज येतोय का हे विचारणं फार कामाचं आहे, कारण त्याला उत्तर द्यायला कोणालाच विचार करावा लागत नाही आणि समोरच्याचा गळा मोकळा होतो.

दादरच्या काकू
मी बरीच वर्षं वधूवर सूचक मंडळाचं काम बघते, हल्ली पहिली भेट बऱ्याचदा फोनवरच होते. माझ्याकडचं एक उदाहरण सांगते. मुलगा ठाण्याचा, मुलगी नाशिकची. मुलाने ठरल्या वेळी थेट कॉल लावला, "हाय, कशा आहात?" म्हणाला, ती "मजेत" म्हणाली, मग दोघंही गप्प. मग त्याने "स्वतःबद्दल सांगा ना" म्हटलं आणि तिने बायोडेटातलंच सगळं म्हणून दाखवलं. दहा मिनिटांत कॉल संपला, दोन्ही घरांतून मला फोन आला की काही कळलंच नाही.
मी दोघांशी वेगवेगळं बोलले. तिला वाटत होतं की त्याची आई फोनच्या मागे बसून ऐकतेय, तो मात्र खोलीत एकटाच होता. त्याला वाटत होतं की ती तुटक बोलतेय, पण नेट थोडं मागे पडत होतं, आवाज उशिरा पोचायचा, दोघं एकदम बोलायला लागायचे आणि एकदम थांबायचे, "तुम्ही बोला", "नाही नाही तुम्ही".
दुसऱ्या वेळी मी सांगितलं की आधी मेसेज टाक, जेवणं झाली की साडेनऊला करू का म्हणून. त्याने कॉलवर म्हटलं, "नमस्कार, जेवलात का? मी खोलीत एकटाच आहे, आईबाबा बाहेर टीव्ही बघतायत." ती लगेच म्हणाली, "आमच्याकडे आजी दारात उभी आहे, तिला तुम्हाला बघायचंय." आजी आल्या, त्याने नमस्कार केला, त्यांनी गाव विचारलं आणि गेल्या. त्यानंतर दोघं तासभर बोलले.
म्हणून मी सगळ्यांना सांगते की नमस्कारानंतर लगेच खोलीत कोण आहे ते सांगा. लपून कोणी ऐकत असेल या शंकेने माणूस परीक्षेला बसल्यासारखा बोलतो. आणि आवाज उशिरा येत असेल तर आपलं वाक्य प्रश्नावर संपवून थांबायचं, म्हणजे आता कोणी बोलायचं ते समोरच्याला कळतं.

बोरिवली पश्चिम
हाय अजिबात म्हणू नये, नमस्कारच म्हणावं, समोर संस्कार दिसतात. आणि पूर्ण वेळ कॅमेऱ्यातच बघायचं, स्क्रीनकडे नाही, म्हणजे डोळ्यात डोळे घालून बोलल्यासारखं वाटतं.

दादरच्या काकू
नमस्कार चांगलाच, पण मुलगी स्वतः हाय म्हणाली तर तुम्हीही हाय म्हणा, ताठ राहू नका. आणि पूर्ण वेळ कॅमेऱ्यात बघितलंत तर समोरची हसली की गोंधळली ते तुम्हाला दिसणारच नाही. नमस्कार करताना तेवढं कॅमेऱ्यात बघा, मग चेहऱ्याकडे. फोन हातात धरू नका, पुस्तकांना टेकवून डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, आणि खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो आणि पहिलं वाक्य "दिसत नाहीये हो" असं होतं.

चेंबूरकर_मावशी
आमच्या लेकीच्या सासरचे टोरांटोला, तिकडे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेनऊ. व्याह्यांशी पहिला कॉल आमचा रात्रीचा, त्यांचा सकाळचा, आम्ही शुभ संध्याकाळ म्हणावं की सुप्रभात हेच ठरेना. शेवटी यांनी विचारलं "चहा झाला का?" तेवढ्यावर सगळे हसले. व्याही लोकांशी कसं बोलायचं यावर कोणी लिहील का?

धागाकर्ती
मावशी, ते वेगळ्या धाग्यावर बरं होईल, पण चहाचा प्रश्न मी घेतला. काकू, तू की तुम्ही?

विक्रोळीची
माझ्या वेळी त्याने दुसऱ्याच वाक्यात विचारलं, "आपण तू म्हणायचं का?" मला ते खटकलं, ओळख नाही पाळख नाही. मी तुम्ही म्हणत राहिले, मग तोही तुम्हीवर आला आणि शेवटी निरोप घेताना मीच तू म्हटलं. माझ्या बहिणीला मात्र तोच प्रश्न फार आवडला होता, ती म्हणते त्याने विचारलं तरी, गृहीत नाही धरलं.

दादरच्या काकू
यात माझं पक्कं मत नाही. वय फार जवळचं असेल तर मुलं आपोआप तूवर येतात, माझं एवढंच म्हणणं की पहिल्या मिनिटात विचारू नका, हसणं एकदा तरी होऊ दे.

लोअर_परळ
मी बोलताना अडखळतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नावावर. बाकी शब्द बदलून वेळ मारून नेता येते, नावाला दुसरा शब्द नसतो. त्यामुळे "नमस्कार, मी अमुक" हे सगळ्यांना सोपं वाटणारं वाक्य माझ्यासाठी सगळ्यात कठीण. मी आदल्या दिवशी तिला मेसेज केला की मी बोलताना अडकतो, थोडा वेळ लागला तर नेट गेलं असं समजू नका, आणि सुरुवात तुम्ही कराल का. तिने कॉल उचलताच माझं नाव घेऊनच नमस्कार केला, म्हणजे मला नाव सांगावंच लागलं नाही. मी नुसते हात जोडले, मग ती खिडकीबाहेरचा पाऊस दाखवायला लागली आणि मी थेट पावसावर बोललो. दोनदा अडकलो, ती वाक्य पुरं करायला मध्ये पडली नाही, थांबली. तिथे स्थळ पुढे गेलं नाही, पत्रिकेवरून घरच्यांचं अडलं. पण त्यानंतरच्या प्रत्येक कॉलच्या आधी मी तोच मेसेज पाठवतो. एका घरून त्यावर उत्तरच आलं नाही, तेव्हा मग कॉलच केला नाही.