मदत हवी आहे: फ्रेंच गोष्टीत ‘तीन तास वाट पाहत होते’ हे ॲंपार्फेत का चालत नाही?

मृण्मयी:
नमस्कार. मी डेल्फ बी वन परीक्षेची तयारी करत आहे आणि लेखनाच्या सरावासाठी किमान 160 शब्दांचा एक अनुभव लिहिला होता. प्रसंग साधा आहे. रात्रीची वेळ, पाऊस पडत होता, फलाटावर माणसे उभी होती, मी तीन तास गाडीची वाट पाहत होते, तेवढ्यात दिवे गेले आणि मला भीती वाटत होती. पाऊस आणि माणसे यांच्यासाठी मी ॲंपार्फे वापरला, तो बाईंनी तसाच ठेवला. परंतु ‘झातांदे त्र्वाझर’ खोडून त्यांनी ‘झे आतांदू त्र्वाझर’ लिहिले, आणि भीतीच्या वाक्यातही पासे काँपोझे घातला. (फ्रेंच वाक्ये उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.) वाट पाहणे ही तर पार्श्वभूमीच होती. मग दुरुस्ती का झाली, हे कोणी समजावून सांगेल का?

गोविंद_क:
लांबलेली क्रिया असेल तर ॲंपार्फे आणि झटकन घडणारी असेल तर पासे काँपोझे, एवढे लक्षात ठेवले की पुरते. त्या हिशोबाने तुमचे वाक्य बरोबर होते. बाईंचीच नजरचूक झाली असावी.

शरयू:
गोविंदराव, पाऊस आणि दिवे यांना हा नियम लागू पडतो, म्हणून तो खरा वाटतो. परंतु चौदाव्या लुईने 72 वर्षे राज्य केले, हे वाक्य फ्रेंचमध्ये ‘आ रेन्ये’ असे पासे काँपोझेतच येते, आणि 72 वर्षांहून लांब क्रिया आणखी कोणती हवी? क्रिया किती लांब आहे हा प्रश्नच नाही. सांगणारा तिच्या आत उभा आहे की तिला दोन्ही टोकांसकट बाहेरून पाहतो आहे, हे ठरवावे लागते. ‘तीन तास’ म्हटले की दोन्ही टोके आखली गेली, त्यामुळे पासे काँपोझे.

मृण्मयीताई, तुमची चूक मराठीतून आली आहे. आपल्याकडे ‘तीन तास वाट पाहत होते’ हे सहज चालते, म्हणून ‘-त होते’ दिसताच हात ॲंपार्फेकडे जातो. मी अशा वेळी वाक्य ‘तीन तास वाट पाहिली’ असे करून पाहते. अर्थ न बिघडता ते बसले, तर पासे काँपोझे. मात्र ‘दिवे गेले तेव्हा मी तीन तासांपासून वाट पाहत होते’ असे म्हणायचे असेल, तर ‘पाहिली’ बसत नाही, कारण दिवे गेले त्या क्षणी वाट पाहणे चालूच होते. तिथे ‘झातांदे द्यप्वी त्र्वाझर’ हेच बरोबर.

भीतीचेही तसेच आहे. ‘झे ऊ पर’ म्हणजे दिवे गेले आणि त्यामुळे भीती वाटली. गोष्ट एक पाऊल पुढे गेली. ‘झाव्हे पर’ म्हणजे दिवे जाण्याआधीपासूनच तुम्ही घाबरलेल्या होतात. तुम्हाला काय म्हणायचे होते?

अद्वैत_नागपूर:
मी सध्या फ्रेंच कादंबरी वाचतो आहे आणि त्यात पासे काँपोझे जवळजवळ दिसतच नाही, सगळीकडे पासे सॅंप्ल आहे. मग परीक्षेतही तोच वापरावा का?

शरयू:
अद्वैत, तो प्रश्न वेगळा आहे. पासे सॅंप्ल हा लिखित कथनाचा काळ आहे आणि घटना पुढे नेण्याचे तेच काम तो करतो. पार्श्वभूमीचा ॲंपार्फे दोन्हीकडे तसाच राहतो. स्वतःचा अनुभव सांगताना पासे काँपोझेच स्वाभाविक वाटतो.

मूळ धाग्याकडे येते. दोन्ही काळ एकमेकांत कसे गुंततात, ते एका वाक्यात पाहा. ‘कांतिल एतारिव्हे, नू दीन्यों’, म्हणजे तो आला तेव्हा आमचे जेवण चालू होते. ‘कांतिल एतारिव्हे, नूझाव्हों दीने’, म्हणजे तो आला आणि मग आम्ही जेवलो. क्रियापद तेच, तरी पहिल्यात त्याला भरल्या ताटांसमोर यावे लागले आणि दुसऱ्यात आम्ही त्याच्यासाठी थांबलो होतो. म्हणून मला हा केवळ व्याकरणाचा भाग वाटत नाही. काळ बदलला की प्रसंगच बदलतो.

मृण्मयी:
मनःपूर्वक आभार. मला दिवे गेल्यावरची भीतीच सांगायची होती, त्यामुळे ‘झे ऊ पर’ आता पटले. वाट पाहण्याचे वाक्य मात्र मी ‘द्यप्वी’ घालून ॲंपार्फेतच ठेवणार आहे, कारण दिवे जाण्याची घटना त्या वाट पाहण्याच्या मधोमध यायला हवी आहे.

एक शंका उरली. फ्रेंच वर्तमानपत्रात ‘तीन दिवसांनी तो मरण पावला’ या अर्थी ‘इल मूरे’ असा ॲंपार्फे वाचला. इथे तर वेळ ठरलेली आहे आणि घटना पूर्ण झालेली आहे.

गोविंद_क:
छापण्यातली चूक असेल.

शरयू:
चूक नाही. असा ॲंपार्फे बातम्यांत आणि चरित्रांत बऱ्याचदा भेटतो. घटना घडून गेली असे न सांगता वाचकाला तिच्यासमोर थांबवण्यासाठी तो येतो, असे मला वाटते. पण एखाद्या ठिकाणी तो का शोभतो आणि दुसरीकडे का खटकतो, याचा नेमका नियम मला अजून सापडलेला नाही. कोणी फ्रेंच अनुवाद करणारे इथे असतील तर त्यांनी जरूर लिहावे.