छेदातला अवयव झाकून सहगुणक काढणं: पळवाट की पक्की रीत?

ठाणेकर_आई
मुलगी बारावीला आहे. आंशिक अपूर्णांकांसाठी क्लासमध्ये छेदातला एक अवयव बोटाने झाकायचा आणि उरलेल्यात किंमत घालायची, असं शिकवलंय. कॉलेजच्या मॅडम म्हणतात, पेपरात असं लिहू नका. मलाही ते पटत नाही. x = 1 ला मूळ छेदच शून्य होतो, मग तिथे 1 घालायचाच कसा? ही रीत चूक नाही का?

जुना_मास्तर
रीत बरोबर आहे, आणि मुलांना ती शिकवलीच पाहिजे. हे उदाहरण घ्या:

(5x − 1) / [(x − 1)(x + 1)(x − 2)] = A/(x − 1) + B/(x + 1) + C/(x − 2)

(x − 1) झाकला आणि उरलेल्यात 1 घातला की A = 4/(2 × −1) = −2. (x + 1) झाकून −1 घातला की B = −6/(−2 × −3) = −1. (x − 2) झाकून 2 घातला की C = 9/(1 × 3) = 3.

आता तुमची शंका. दोन्ही बाजूंना पूर्ण छेदाने गुणलं की दोन बहुपदी उरतात:

5x − 1 = A(x + 1)(x − 2) + B(x − 1)(x − 2) + C(x − 1)(x + 1)

1, −1 आणि 2 सोडून x च्या प्रत्येक किमतीला त्या समान आहेत. इतक्या ठिकाणी जुळणाऱ्या बहुपदी सगळीकडेच जुळतात, त्या तीन जागीसुद्धा. म्हणजे 1 घालतो तो या बहुपदींत, मूळ अपूर्णांकात नाही. झाकणं म्हणजे हीच ओळ मनात लिहिणं.

खडू_फळा
मास्तर, तुम्हाला ती ओळ दिसते, मुलांना दिसत नाही. मी वह्या तपासते, तिथे नुसतं ‘A = −2’ असतं. छेदात (2x − 1) आला की घोटाळा होतो. (x + 4)/[(2x − 1)(x + 1)] मध्ये (2x − 1) झाकून 1/2 घातला की 4.5/1.5 = 3 येतात, ते बरोबर. पण मुलं लगेच 3/(x − 1/2) लिहून मोकळी होतात. तो 3 (2x − 1) च्या डोक्यावरचा आहे. पुढे संकलनात (3/2) log|2x − 1| यायला हवं, तिथे 3 log येतं. बहुपदींची ओळ लिहिली असती तर ही चूक झालीच नसती. म्हणून माझा विरोध कायम आहे.

सीईटी_२६
सीईटीला एवढं लिहायला वेळ कुठे असतो? झाकायचं आणि पर्याय निवडायचा. फक्त अंशाची घात छेदाएवढी किंवा जास्त असेल तर ही रीत वापरू नका, सहगुणकच चुकीचे येतात.

जुना_मास्तर
सहगुणक चुकत नाहीत. x³/[(x − 1)(x − 2)] मध्ये झाकून −1 आणि 8 येतात, आणि भागाकार करून आलात तरी तेच येतात. फक्त भागाकारातला x + 3 हा भाग झाकण्यातून मिळत नाही. x = 0 घालून पाहा: डावीकडे 0, उजवीकडे नुसत्या दोन पदांचे 1 − 4 = −3. जो 3 कमी पडतो तो त्या x + 3 मधला. म्हणून आधी भागाकार करा, मग झाका.

खडूताई, (2x − 1) चा मुद्दा खरा आहे. पण चूक झाकण्यात नाही, झाकलेला अवयव जसाच्या तसा परत न लिहिण्यात आहे.

सर्किटवाला
आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांची ही रोजची भाकरी आहे. ही रीत ऑलिव्हर हेविसाइडच्या (1850–1925) नावाने ओळखली जाते, आणि तो तारायंत्राच्या कामातून वर आलेला माणूस. लाप्लासमध्ये 10/[s(s + 2)(s + 5)] आलं की झाकून 1, −5/3, 2/3 लिहितो आणि लगेच बेरीज करतो. ती शून्य आलीच पाहिजे, कारण t = 0 ला प्रतिसाद शून्यापासूनच सुरू होतो. अंशाची घात छेदापेक्षा किमान दोनने कमी असेल तर ही बेरीज नेहमी शून्य येते. मास्तरांचं −2 − 1 + 3 बघा. मात्र अवयव 2x − 1 सारखा असेल तर आधी सहगुणकाला 2 ने भागा, मग बेरीज करा. मुलांना हा पडताळा शिकवा, मग पायऱ्यांवरून वाद घाला.

रात्रपाळी
माझ्या छेदात (x − 1)²(x + 2) आहे. झाकून दोनच सहगुणक मिळाले, तिसरा येतच नाही. म्हणजे रीत फसवीच ना?

जुना_मास्तर
इथे चर्चा वेगवेगळ्या अवयवांची आहे. तुमच्याकडे (x − 1)² वरचा आणि (x + 2) वरचा सहगुणक झाकून मिळतो. (x − 1) वरच्यासाठी x = 0 घालून एक समीकरण मांडा.

खडू_फळा
बेरजेचा पडताळा उद्याच वर्गात सांगते. पण माझ्या वर्गात बहुपदींची ओळ लिहावीच लागेल.

सीईटी_२६
मॅडम, कच्च्या कामात लिहिली तर चालेल का?