मदत हवी आहे: धुरातून बेशुद्ध बाहेर काढलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्स येईपर्यंत कसं ठेवायचं?

पार्किंगवाली

आमच्या चार मजली सोसायटीसाठी एक पानाची सूचना लिहायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. मीटर रूम जिन्याखाली आहे, त्यामुळे तिथे वायर पेटली तर सगळा धूर जिन्यातून वर चढणार हे उघड आहे. बाहेर कसं पडायचं ते लिहून झालंय. अडलंय पुढे.

समजा साठीच्या पुढचे, ऐंशी-पंच्याऐंशी किलोचे एक काका चादरीत घालून दोघांनी पार्किंगमध्ये आणले. डोळे मिटलेले, हाक मारली तर ओ नाही, नाकाशी काजळी, श्वास चालू आहे पण घशात घरघर वाजतेय. 101 आणि 108 ला फोन झालेत. पुढची पंधरा-वीस मिनिटं काय करायचं? कुशीवर वळवायचं एवढं ऐकून आहे. पण कुठल्या कुशीवर, आणि माझ्यासारख्या पन्नास किलोच्या बाईने एवढ्या वजनाचा माणूस एकटीने कसा वळवायचा? घरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे, ते उपयोगी पडेल का?

कडूकारले

नाका-तोंडावर ओला रुमाल धरायचा आणि रांगत, जमिनीलगत बाहेर यायचं. लिफ्ट वापरायची नाही. हे पहिल्या ओळीत लिहा.

पार्किंगवाली

ते लिहिलंय हो. माणूस बाहेर आल्यानंतरचं विचारतेय.

मोकळाश्वास

मी भूलतज्ञ आहे, श्वासनलिका सांभाळणं हेच रोजचं काम. तुमच्या उदाहरणातली घरघर सगळ्यात महत्त्वाची. बेशुद्ध माणूस उताणा असला की जीभ सैल होऊन मागे पडते आणि लाळ, उलटी घशात साठते. धुरात सापडलेल्यांना उलटी होतेही पुष्कळ वेळा. म्हणून वळवायचं.

पण त्याआधी श्वास नीट आहे का ते बघा. उताणं ठेवून एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, आणि डोकं मागे करा. गाल त्यांच्या तोंडाजवळ न्या, नजर छातीवर, आणि दहा सेकंदांच्या आत ठरवा. तोंड पाण्याबाहेरच्या माशासारखं उघडतंय, मध्येच एखादा आचका आणि मग बराच वेळ काही नाही, असं असेल तर तो श्वास नव्हे. तिथे वळवत बसायचं नाही, थेट छाती दाबायला घ्यायची.

श्वास नियमित असेल तर वळवा. चष्मा काढा, खिशातल्या किल्ल्या, मोबाईल काढा. त्यांच्या एका बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा त्यांचा हात खांद्यातून काटकोनात बाहेर, तळवा वर. पलीकडचा हात छातीवरून ओढून त्या हाताची मागची बाजू तुमच्याकडच्या गालाला लावा आणि तुमच्या हाताने तिथेच दाबून ठेवा. आता दुसऱ्या हाताने पलीकडचा पाय गुडघ्याच्या जरा वर धरून उभा वाकवा, तळपाय जमिनीवर. हा वाकवलेला गुडघा म्हणजे तुमची पहार. खांदा ओढायला जाऊ नका, गुडघा स्वतःकडे ओढा आणि मागे रेला. अंगाचं वजन तुमचं काम करतं, पंच्याऐंशी किलो सहज वळतात. वळताना ते तुमच्या मांड्यांना टेकतात, त्यामुळे पालथे पडत नाहीत.

वळवून झालं की वरचा पाय कमरेत आणि गुडघ्यात काटकोनात ठेवा, तो टेकू असतो. मग जे बहुतेक जण विसरतात ते करा: डोकं पुन्हा मागे करा. वळताना हनुवटी छातीकडे येते आणि श्वास परत अडतो. गालाखालचा हात सरकवून मान मागे राहील असं बघा. तोंड किंचित जमिनीकडे हवं, म्हणजे आतलं बाहेर ओघळेल. घरघर थांबली तर जमलं. थांबली नाही तर हनुवटी आणखी वर.

सातवामजला

डाव्या कुशीवरच वळवायचं असतं, हृदय मोकळं राहतं म्हणून. आणि डोक्याखाली उशी द्यायची. ऑक्सिमीटर तर आधी लावा, 95 च्या वर असेल तर घाबरायचं कारण नाही.

मोकळाश्वास

डावी कूस गरोदर बाईसाठी नक्की, कारण उजवीकडे किंवा उताणं ठेवलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. बाकीच्यांना कुठलीही चालते. जिकडे तोंड केल्यावर चेहरा उजेडात येतो ती कूस घ्या. उशी नको, डोकं पुढे ढकललं जातं.

ऑक्सिमीटरबद्दल मात्र तुमचं म्हणणं धोक्याचं आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या जागी चिकटतो, आणि ऑक्सिजनपेक्षा दोनशे-सव्वादोनशे पट घट्ट. बोटाचं यंत्र लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांवर चालतं. लाल प्रकाशात कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त जवळपास ऑक्सिजनच्या रक्तासारखंच दिसतं. म्हणजे मेंदूला ऑक्सिजन पोचत नसताना पडद्यावर 98 येऊ शकतं. आकडा कमी आला तर विश्वास ठेवा, चांगला आला तर ठेवू नका. ओठ-गाल लालबुंद होतात म्हणतात तेही जिवंतपणी क्वचितच दिसतं, त्याची वाट बघू नका.

नाममात्र

गॅस गिझरला पण हेच लागू होतं का? बंद बाथरूममध्ये माणूस बेशुद्ध सापडला तर धूर तर कुठेच नसतो.

मोकळाश्वास

वायू तोच आणि कुशीवर वळवणंही तेच. आधी गॅस बंद करा, दार-खिडकी उघडा, त्याला ओढत बाहेर आणा, आणि आत जाणाऱ्याने श्वास रोखून एका दमात परत या. पण तिथे काजळी आणि गरम हवा नसते, म्हणून घसा सुजण्याचा प्रश्न नाही. आगीच्या धुरात तो आहे. शिवाय गादीचा फोम, नायलॉन जळला तर सायनाइडचा वायूही निघतो. म्हणून ‘काय जळत होतं’ हे ॲम्ब्युलन्सवाल्यांना सांगायचं.

हातोडीछिन्नी

अग्निशमन दलात नोकरी. वरचं सगळं बरोबर, दोन गोष्टी जोडतो. पार्किंग हे मोकळी जागा धरू नका. जिन्याचं तोंड पार्किंगमध्येच उघडत असेल तर धूर खाली उतरून तिथेही साठतो, आणि गाड्या पेटायची भीती वेगळी. गेटबाहेर, वारा तुमच्याकडून इमारतीकडे जातोय अशा बाजूला न्या. आणि बाहेर आणणारे दोघं परत आत जाणार नाहीत हे आधी ठरवा. ओल्या रुमालाने काजळी अडते, कार्बन मोनॉक्साइड अजिबात अडत नाही.

दुसरं, वळवलं की काम संपलं असं समजून लोक फोन करत फिरतात. कुशीवर असताना छातीची हालचाल उताण्यापेक्षा कमी दिसते, त्यामुळे श्वास थांबलेला कळत नाही. एक माणूस तिथेच बसवा. त्याचा एक हात बरगड्यांवर, दुसऱ्या हाताची मागची बाजू तोंडासमोर. दुसरं काही काम त्याला देऊ नका. शंका आली की उताणं करून परत दहा सेकंद बघा.

पार्किंगवाली

आणि थांबलाच तर? आमच्यात सीपीआर शिकलेले दोघंच. नुसती छाती दाबली तर चालेल असं वाचलंय.

मोकळाश्वास

चालतं, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरं. पण चालता-बोलता अचानक कोसळलेल्या माणसाच्या रक्तात सुरुवातीला ऑक्सिजन शिल्लक असतो. धुरात गुदमरलेल्याचा आधीच संपलेला असतो. म्हणून इथे शिकलेल्याने श्वासही द्यावेत: 30 वेळा छाती, मग 2 श्वास. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120. नाक चिमटीत धरून एक-एक सेकंदाचा श्वास, छाती उचललेली दिसेल इतकाच. उचलली नाही तर डोकं पुन्हा मागे करून एकदा बघा आणि लगेच दाबायला लागा. तोंडातली दिसणारी काजळी, उलटी पुसा. न दिसणारं बोट घालून शोधू नका, आत ढकललं जातं. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला.

कडूकारले

मान मोडली असेल तर? चादरीतून जिन्यावरून आणताना आपटला असेल, आणि तुम्ही खुशाल वळवताय.

हातोडीछिन्नी

तीन-चार जण असतील तर एकाने दोन्ही हातांनी डोकं धरायचं, बाकीच्यांनी खांदा-कंबर-पाय एका आवाजावर एकदम वळवायचे, मान धडाच्या रेषेत. एकटे असाल आणि घरघर असेल तर वळवा. श्वास मोकळा करणं आधी.

मोकळाश्वास

मी थोडं वेगळं म्हणेन. जिन्यावरून पडल्याचं कोणी पाहिलं असेल, श्वास मोकळा असेल आणि जबडा पुढे उचलून धरायला शिकलेला माणूस डोक्याशी बसलेला असेल, तर उताणं ठेवलेलंही चालेल. उलटी दिसली की मात्र वळवायचंच.

हातोडीछिन्नी

सोसायटीत असा शिकलेला माणूस सापडेपर्यंत उलटी होऊन जाते. सूचनेत ‘वळवा’ एवढंच लिहावं.

सातवामजला

शुद्धीवर आले की पाणी द्यायचं ना? कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. पाय वर करायचे?

मोकळाश्वास

तिन्ही नको. अर्धवट शुद्धीत गिळणं भरवशाचं नसतं, पाणी फुप्फुसात जातं. नीट शुद्धीवर आले की बसतं करा, मागे कोणीतरी टेकू द्या. आवाज घोगरा, थुंकीत काजळी, भुवया किंवा नाकातले केस करपलेले, श्वास घेताना शिटीसारखा आवाज, यातलं काही दिसलं तर घसा सुजतोय असं धरा. ही सूज काही तासांत वाढत जाते. ‘मी बरा आहे, घरी जातो’ म्हणाले तरी दवाखान्यात जायचंच.

हात भाजला असेल तर अंगठी-बांगड्या सुजायच्या आधी काढा, साध्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, बर्फ नको. श्वासाकडे बघणारा मात्र त्यासाठी उठवायचा नाही.

पार्किंगवाली

तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आहे, पाच लिटरचा. तो खाली आणायचा का? एकाने सोसायटीसाठी सिलिंडरच घ्यावा असं सुचवलंय.

मोकळाश्वास

साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, पिशवीच्या मास्कने दहा-पंधरा लिटर ऑक्सिजन दिला तर तासा-दीड तासात होतो. म्हणून ऑक्सिजन जितक्या लवकर, तितकं बरं. कॉन्सन्ट्रेटर त्याच्या जवळपासही जात नाही, आणि तो आणायला धुराच्या जिन्यात कोणी जाता कामा नये. सिलिंडर असावा असं माझं मत.

हातोडीछिन्नी

माझं नाही. ऑक्सिजनमध्ये कपड्यावरची विझल्यासारखी वाटणारी ठिणगी पेट घेते. आणि वर्षभर कोणी न पाहिलेला सिलिंडर त्या दिवशी रिकामा निघतो, किंवा त्याची चावी सेक्रेटरीच्या घरी, चौथ्या मजल्यावर.

पार्किंगवाली

सिलिंडरचा विषय सभेत ठेवते. ॲम्ब्युलन्सवाल्यांना द्यायची चिठ्ठी अशी करतेय: किती वाजता बाहेर काढलं, अंदाजे किती वेळ धुरात, खोली बंद होती का, काय जळत होतं, मधे शुद्धीवर आले होते का, पडले होते का. काही राहिलं?

मोकळाश्वास

चालू औषधं. आणि किती वाजता कुशीवर वळवलं ते. अर्ध्या तासाच्या वर गेलं तर दुसऱ्या कुशीवर करायचं, खालच्या हाताचं रक्त अडतं.