भाडेकरूच्या दोन मांजरी आणि वीस हजारांचं जादा डिपॉझिट

वारजेकर: माझा टू बीएचके एका जोडप्याला पसंत पडलाय. त्यांच्या दोन मांजरी आहेत. डिपॉझिट ६०,००० ठरलंय, मांजरींसाठी वर २०,००० द्यायला तयार आहेत. तोंडी ठरवून द्यावं की सरळ नाही म्हणावं?

आशाताई: नाहीच म्हणा. आमच्या भाडेकरूच्या बोक्यानं किचन ट्रॉलीखाली मुतून मुतून प्लायवूड फुगवलं. दोनदा रंग काढला, तरी पावसाळ्यात वास येतोच. वीस हजारांत किचन होतं का?

करारनोंद: ताई, बोक्याची नसबंदी झाली होती का? न झालेला बोका हद्द आखायला भिंतीवर फवारतो, तो वास जाता जात नाही. म्हणून नसबंदीचा दाखला आधी मागा.

वारजेकर, तोंडी अजिबात नको. करार नोंदलेला नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात, उलटं तुम्हाला सिद्ध करावं लागतं. जादा रक्कमही करारात घाला. परत द्यायच्या डिपॉझिटवर १० टक्के व्याज धरून त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागतं, म्हणजे वीस हजारांमागे वर्षाला पाच रुपये. आणि नुकसान डिपॉझिटच्या वर गेलं तर तेही भाडेकरूच भरेल, हे वाक्य हवंच.

दुसरा_मजला: सोसायटीला विचारलंत का? आम्ही सभेत ठराव करून प्राणी बंद केलेत.

करारनोंद: प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानंही तशी बंदी घालता येत नाही. लिफ्टही नाकारता येत नाही.

दुसरा_मजला: सूचना तुमच्यापाशी ठेवा! माझ्या आईला लिफ्टमध्ये कुत्र्यानं ओरबाडलं, चार इंजेक्शनं घ्यावी लागली. तेव्हा मंडळ आलं होतं का?

मनीमाऊ_घरी: आईचं वाईट वाटलं. पण त्या कुत्र्याच्या मालकाला पट्टा सक्तीचा करा, सगळ्यांना बंदी कशाला?

दुसरा_मजला: पट्टा होताच! लिफ्टमध्ये हातभर जागा, पट्टा काय करणार?

करारनोंद: मग कुत्रा असताना दुसऱ्यानं थांबावं की कुत्रेवाल्यानं, हे सभेत ठरवा, ते जमेल. फ्लॅटमालक मात्र स्वतः भाडेकरूला नाही म्हणू शकतो, तो प्रश्न वेगळा.

मनीमाऊ_घरी: मी भाडेकरू आहे. मांजरीनं डासांची जाळी फाडली आणि एका दाराचं लॅमिनेट ओरबाडलं. जाळी १,८००, दार ४,०००, मी मान्य केलं. मालकानं मात्र चार वर्षं जुना रंग नव्यानं काढायचा खर्चही माझ्याच २०,००० मधून कापला. १४,२०० परत मिळायला हवे होते, मिळाले ३,०००. आत शिरताना व्हिडिओ काढला नव्हता, म्हणून बोलती बंद.

करारनोंद: चार वर्षांत रंग असाही उतरतो, तो मांजरीच्या माथी मारता येत नाही. वारजेकर, चावी देताना दोघांनी मिळून व्हिडिओ काढा, दारांचे खालचे कोपरे आणि ट्रॉलीखालचं प्लायवूड नक्की घ्या. सोडताना अंधारात यूव्ही टॉर्च मारा, मुताचे डाग चमकतात.

आशाताई: टॉर्चचं कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दाखला आणि व्हिडिओ असेल तर त्यांनी द्यावं. मी माझं घर देणार नाही.

वारजेकर: त्यांना दाखला मागितलाय. एका मांजरीचा आहे, दुसरी म्हणे अजून पाच महिन्यांची.